मोठं गिऱ्हाईक, दोन कलमं आणि रिकामी प्रेस

प्रश्न: आमचा रबरी सील बनवण्याचा छोटा कारखाना आहे. प्रेसवर वर्षाला 45,000 नग निघू शकतात. सध्या 25,000 जातात, सरासरी 120 दराने. त्यातले 18,000 पंप बनवणाऱ्यांकडे. कच्चा माल, वीज, पॅकिंग धरून नग 80 ला पडतो. पगार, भाडं वगैरे वर्षाला 8 लाख. एका मोठ्या पंप कंपनीने तीन वर्षांचा करार पुढे केला आहे: वर्षाला 60,000 नग, दर 100. त्यासाठी दुसरी प्रेस घ्यावी लागेल, म्हणजे हप्ते आणि माणसं मिळून वर्षाला आणखी 5 लाख. करारात दोन कलमं आहेत. त्यांच्यापेक्षा कमी दराने कोणालाही विकलं तर तोच दर त्यांनाही, आणि तोही करार सुरू झाल्या दिवसापासून. शिवाय करार असेपर्यंत आणि संपल्यावर एक वर्ष दुसऱ्या पंप उत्पादकाला माल द्यायचा नाही. माझी बाकीची सगळी गिऱ्हाइकं जास्त दर देतात, मग पहिल्या कलमाने माझं काय बिघडणार? आणि एक्सक्लुझिव्ह म्हणजे तेही माझ्याकडूनच घेणार ना? खरेदी अधिकारी म्हणतात, हा स्टँडर्ड ड्राफ्ट आहे. मसुदा आणि गिऱ्हाइकांची यादी सोबत जोडली आहे. पंधरा दिवसांत सही हवी आहे. करू का?

उत्तर:

आहे तशी सही करू नका. पण कामाला नाहीही म्हणू नका. या दोन टोकांच्या मध्ये बरीच जागा आहे. ती दिसण्यासाठी तुमचेच आकडे थोडे वेगळ्या क्रमाने मांडू. दर कुठल्याही चलनात धरा, हिशेब तोच राहतो.

मी स्वतः बारा वर्षं एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी विभागात काढली आहेत. तुमच्यासमोर आहेत तशी कलमं मी पुरवठादारांसमोर ठेवलेली आहेत. त्यामागे दुष्टपणा नसतो. खरेदी करणाऱ्याला दोन भीती असतात. एक म्हणजे प्रतिस्पर्ध्याला हाच माल आपल्यापेक्षा स्वस्त मिळेल. दुसरी म्हणजे ऐन हंगामात पुरवठादार आपल्याला सोडून दुसऱ्याची ऑर्डर आधी काढेल. दोन्ही भीती खऱ्या आहेत आणि दोन्हींवर इलाज करता येतो. अडचण अशी की मसुदा लिहिणारा वकील या भीतीपुरतं कलम लिहीत नाही, जितकं रुंद लिहिता येईल तितकं लिहितो. ते अरुंद करून घेणं हे पुरवठादाराचं काम असतं आणि लहान पुरवठादार ते क्वचितच करतो.

आधी 'एक्सक्लुझिव्ह' या शब्दाकडे येऊ, कारण तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज तिथे झाला आहे. एक्सक्लुझिव्हिटी दोन दिशांची असू शकते. विकणारा बांधला जातो, तेव्हा तो दुसऱ्याला विकत नाही. घेणारा बांधला जातो, तेव्हा तो दुसऱ्याकडून घेत नाही. तुमच्या मसुद्यातलं कलम फक्त तुम्हाला बांधतं. त्यांनी सील कुठून घ्यावेत याबद्दल त्यात एक ओळही नाही. ते उद्या तुमच्यासारखे आणखी दोन पुरवठादार उभे करू शकतात आणि तिघांकडूनही हेच कलम लिहून घेऊ शकतात.

आता 60,000 या आकड्याकडे पाहा. तो मुख्य करारात नाही, दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि त्याच्या आधी 'अंदाजे वार्षिक गरज' असे शब्द आहेत. अंदाज म्हणजे ऑर्डर नव्हे. त्यांनी 60,000 ऐवजी 40,000 घेतले, किंवा 10,000 घेतले, तरी कराराचा भंग होत नाही. तुम्ही मात्र एका नगानेही बाहेर गेलात तर होतो. शिवाय ते 60 दिवसांच्या नोटिशीने करार संपवू शकतात, तुम्हाला तो हक्क नाही. म्हणजे ज्याला तुम्ही तीन वर्षांचा करार म्हणता, तो तुमच्या बाजूने तीन वर्षांचा आणि त्यांच्या बाजूने दोन महिन्यांचा आहे.

तरीही त्यांचा हेतू चांगला आहे असं धरू. ते खरोखर वर्षाला 60,000 नग घेतात असं समजा आणि हिशेब करा.

आज तुम्हाला प्रत्येक नगामागे 120 वजा 80, म्हणजे 40 सुटतात. 25,000 नगांचे 10 लाख. त्यातून 8 लाखांचा ठरलेला खर्च गेला की 2 लाख उरतात. नव्या कामाचे 60,000 नग, प्रत्येकी 20 सुटतात, म्हणजे 12 लाख. जुनं काम तसंच राहिलं तर एकूण 22 लाख होतात. ठरलेला खर्च आता 13 लाख, म्हणून उरतात 9 लाख. हाच आकडा तुमच्या डोळ्यांसमोर आहे आणि त्याने कोणालाही मोह पडेल.

पण जुनं काम तसंच राहणार नाही. पंपवाल्यांचे 18,000 नग सही केल्या दिवशी बंद होतात. त्यांच्यासोबत 7 लाख 20 हजार जातात. उरलेल्या 7,000 नगांचे 2 लाख 80 हजार आणि नव्या गिऱ्हाइकाचे 12 लाख मिळून 14 लाख 80 हजार. त्यातून 13 लाख गेले की हातात राहतात 1 लाख 80 हजार.

आज तुमच्याकडे 2 लाख उरतात. म्हणजे त्यांनी सगळेच्या सगळे 60,000 नग घेतले, एकही परत केला नाही, पैसे वेळेवर दिले, तरी तुम्ही आजच्यापेक्षा 20 हजारांनी मागे असाल. वर डोक्यावर नव्या प्रेसचं कर्ज, हाताखाली जास्त माणसं आणि बांधलेले हात. आजच्या इतकंच कमवायचं तर त्यांनी 61,000 नग घेतले पाहिजेत, जे त्यांच्या स्वतःच्या अंदाजाहूनही जास्त आहेत. आणि त्यांनी 40,000 च घेतले, तर तुम्ही वर्षाला 2 लाख 20 हजारांच्या तोट्यात जाता. हा हिशेब तुम्ही केला नव्हता याचं मला आश्चर्य वाटत नाही. नवीन काम किती आणेल हे आपण लगेच मोजतो. कलमामुळे काय जाईल हे मसुद्यात आकड्यांत लिहिलेलं नसतं, म्हणून ते मोजलं जात नाही.

इथे तुमच्या मनात येईल की दोन्ही प्रेस मिळून वर्षाला एक लाख नग निघतील, वापरले जातील 67,000, मग उरलेल्या 33,000 नगांची जागा मी दुसऱ्या कामाने भरीन. पंप सोडून बाकीचे धंदे मोकळे आहेतच. विचार बरोबर आहे. पण त्या वाटेवर कमी दराचं कलम उभं आहे, आणि म्हणूनच ही दोन कलमं वेगवेगळी वाचून चालत नाही. एक तुमची प्रेस रिकामी करतं आणि दुसरं ती भरू देत नाही.

कमी दराच्या या कलमाला मोस्ट फेवर्ड कस्टमर, बोलीत एमएफसी, म्हणतात. त्याबद्दल तुम्ही म्हणता की तुमची सगळी गिऱ्हाइकं जास्त दर देतात. आजच्या गिऱ्हाइकांपुरतं ते बहुतेक खरं आहे. पण हे कलम आजच्या गिऱ्हाइकांसाठी नसतंच. ते अडवतं त्या ऑर्डरला, जी अजून आलेली नाही. समजा पुढच्या वर्षी पंपांशी संबंध नसलेला एक उत्पादक येतो आणि 92 दराने 15,000 नग मागतो. प्रेस रिकामी आहे, हप्ता आणि पगार कसेही जाणारच आहेत. नगामागे 12 सुटतात, म्हणजे 1 लाख 80 हजार. कुठलाही शहाणा कारखानदार ही ऑर्डर घेईल. तुमच्यावर कलम असेल तर मात्र मोठ्या गिऱ्हाइकाचा दरही 92 वर येतो. 60,000 नगांवर प्रत्येकी 8 गेले, म्हणजे 4 लाख 80 हजार. ऑर्डर घेऊन तुम्ही 3 लाखांनी गरीब होता. म्हणून तुम्ही ती नाकारता आणि प्रेस रिकामी राहते.

यातून एक साधी कसोटी निघते. कागदावर उतरवून ठेवा. नवी ऑर्डर घ्यावी की नाही हे ठरवताना एका बाजूला लिहा: नव्या ऑर्डरचे नग गुणिले त्यात नगामागे सुटणारी रक्कम. दुसऱ्या बाजूला लिहा: मोठ्या गिऱ्हाइकाचे नग गुणिले त्याच्या दरातली घट. पहिली बाजू जड असेल तरच ऑर्डर परवडते. 15,000 नगांच्या ऑर्डरला हा काटा 96 वर समतोल होतो. त्याखाली एक पैसाही उतरता येत नाही. ऑर्डर 2,000 नगांची असेल तर तो 99.35 वर जातो, म्हणजे सूट द्यायला जवळपास जागाच उरत नाही. नवी गिऱ्हाइकं बहुधा लहान ऑर्डरने सुरुवात करतात, 'आधी थोडा माल पाहू, दर जरा सांभाळून लावा' असं म्हणतात. नेमकी तीच दारं या कलमाने आधी बंद होतात.

गंमत म्हणजे, यातून मोठ्या गिऱ्हाइकालाही स्वस्त माल मिळतोच असं नाही. विकणारा त्याचा दर कमी करण्याऐवजी इतरांना सूट देणंच थांबवतो. याचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण अमेरिकेत दिसलं. तिथे 1990 च्या कायद्याने मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेला औषधांवर परतावा मिळू लागला. ब्रँडेड औषधांचा परतावा ठरवताना कंपनीने खासगी खरेदीदारांना दिलेला सर्वांत कमी दर हिशेबात धरला जाई. त्यानंतरच्या काही वर्षांत औषध कंपन्यांनी इस्पितळांसारख्या इतर मोठ्या खरेदीदारांना मिळणाऱ्या सुटी कमी केल्या. एका खरेदीदाराला दिलेली सूट दुसऱ्याला आपोआप द्यावी लागणार असेल, तर सूट देणं महाग होतं. तुमच्या एका प्रेसवरही हेच घडेल, फक्त आकडे लहान असतील.

'करार सुरू झाल्या दिवसापासून' हे शब्द तर मला फार खटकले. 92 ची ऑर्डर नवव्या महिन्याच्या शेवटी आली असं समजा. तोवर त्यांनी 45,000 नग उचललेले असतील. त्या प्रत्येकावर 8 परत, म्हणजे 3 लाख 60 हजार एका फटक्यात द्यायचे. हे पैसे तुम्ही केव्हाच रबरात आणि पगारात घातलेले असतात. लहान कारखाने तोट्यापेक्षा अशा अचानक निघणाऱ्या देण्यामुळे जास्त बुडतात.

आता तुमची यादी. त्यात तिसऱ्या क्रमांकावर एक जुनं गिऱ्हाईक आहे, दर 106. तुम्हाला तो 100 पेक्षा जास्त दिसतो. पण त्याला माल तुम्ही पोहोचवता, वाहतूक नगाला 5 पडते. म्हणजे राहिले 101. तो पैसे 90 दिवसांनी देतो, मोठी कंपनी 30 दिवसांनी देणार आहे. दोन महिन्यांच्या जादा उधारीवर वर्षाला 12 टक्के व्याज धरलं तर 106 चे दोन टक्के, म्हणजे साधारण 2.1 आणखी वजा. उरले 98.9. मोठी कंपनी माल कारखान्यातून स्वतः उचलणार आहे. मसुद्यात लिहिलं आहे 'सर्व सवलती विचारात घेऊन येणारा प्रत्यक्ष दर'. या शब्दांचा अर्थ त्यांच्या हिशेबतपासनिसाने त्यांच्या बाजूने लावला, तर सही केल्या क्षणी तुम्ही कराराचा भंग केलेला असेल आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसेल. नगाला 1.1 म्हणजे वर्षाला 66 हजार. रक्कम छोटी वाटेल, पण भंग झाला की कराराच्या इतर कलमांची दारंही उघडतात.

तसाच प्रश्न पडून राहिलेल्या मालाचा. रबराला वय असतं. फार दिवस पडून राहिलेले सील कमी दराने काढावे लागतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. 1,500 जुने नग 70 ला काढले तर मोठ्या गिऱ्हाइकाचा दरही 70, म्हणजे तुमच्या खर्चाच्या खाली? मसुद्यात जे लिहिलं आहे त्याप्रमाणे, होय. मग तो माल विकण्यापेक्षा भंगारात टाकणं परवडेल. अशा गोष्टी कलमातून नाव घेऊन वगळाव्या लागतात; 'तेव्हा समजून घेऊ' हे तोंडी आश्वासन देणारा अधिकारी तोवर बदलीवर गेलेला असतो.

मग काय मागायचं? सगळं मागू नका. चार गोष्टी मागा, आणि प्रत्येकीसोबत त्यांच्या भीतीवरचा इलाज द्या.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: एक्सक्लुझिव्हिटी मालापुरती करा, धंद्यापुरती नको. त्यांच्या ड्रॉइंगवरून, त्यांच्या पैशाने केलेल्या साच्यातून निघणारा सील दुसऱ्या कोणाला देणार नाही, असं लिहून द्यायला तुमची काहीच हरकत नसावी. ते न्याय्यही आहे. साचा त्यांचा, आकार त्यांचा. तुमच्या स्वतःच्या साच्यातले सर्वसाधारण मापांचे सील मात्र मोकळे राहिले पाहिजेत. असं झालं तर तुमचे 18,000 नग वाचतात आणि 9 लाखांचा आकडा पुन्हा खरा होतो.

एवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही तर दुसरी पायरी आहे: ज्या स्पर्धकांची त्यांना खरी भीती आहे त्यांची नावं करारात लिहा. तुमच्या यादीत तसे दोन आहेत आणि दोघे मिळून 4,000 नग घेतात. ते सोडले तर 1 लाख 60 हजार जातात. दुःख आहे, पण सोसण्यासारखं. मात्र त्या बदल्यात किमान खरेदी मागा. हिशेब असा: उरलेल्या 21,000 जुन्या नगांचे 8 लाख 40 हजार. आजचे 2 लाख टिकवायला एकूण 15 लाख हवेत. म्हणजे मोठ्या गिऱ्हाइकाकडून 6 लाख 60 हजार, अर्थात 33,000 नग. तुम्ही 40,000 मागा आणि 33,000 च्या खाली उतरू नका. करारात लिहायचं ते असं: वर्षाअखेर किमान संख्येपेक्षा कमी नग उचलले तर कमी पडलेल्या प्रत्येक नगामागे 20 भरायचे, आणि एक्सक्लुझिव्हिटी त्याच दिवशी संपायची. दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा आहे. त्यांच्याकडून भरपाई वसूल करायला तुम्हाला कदाचित वर्षं लागतील, पण बंधन सुटलं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी विकायला मोकळे.

करारानंतरच्या त्या एका वर्षाबद्दल मी ठाम आहे: ते काढून टाका. त्यांनी 60 दिवसांची नोटीस देऊन करार संपवला, तर पुढचे बारा महिने तुम्ही पंपवाल्यांना विकू शकत नाही. त्या वर्षी येणार 7,000 नगांचे 2 लाख 80 हजार, जाणार 13 लाख. 10 लाख 20 हजारांचा खड्डा. यातून तुमच्यासारखा कारखाना उठत नाही. ते अगदीच हट्टाला पेटले, तर ते बंधन फक्त तुम्ही स्वतःहून करार सोडलात तरच लागू होईल, आणि तेही तीन महिन्यांसाठी, इतपत मान्य करा. नोटिशीचा काळही दोन महिन्यांवरून सहा महिन्यांवर आणायला सांगा, आणि तोच हक्क तुम्हालाही.

एमएफसी कलम पूर्ण काढून टाकता आलं तर उत्तम. त्याऐवजी संख्येप्रमाणे दर देऊ करा: वर्षाच्या पहिल्या 40,000 नगांना 100, त्यापुढच्या प्रत्येक नगाला 97. त्यांनी 60,000 घेतले तर तुमचे वर्षाला 60 हजार कमी होतील. ही किंमत तुम्हाला आज माहीत आहे, ती कधी द्यावी लागेल हेही माहीत आहे आणि जास्त माल गेला तरच द्यावी लागेल. खरेदी अधिकाऱ्याला वर दाखवायला एक कमावलेली सूट मिळते. माझ्या अनुभवात या अदलाबदलीला होकार येण्याची शक्यता बरीच असते, कारण त्या अधिकाऱ्याच्या कामाचं मोजमाप दरावर होतं, कलमांच्या संख्येवर नाही.

कलम ठेवावंच लागलं तर साधारण असं लिहून घ्या: 'पुरवठादाराने याच ड्रॉइंगचे, याच रबराच्या मिश्रणाचे सील, याच वितरण आणि देयक अटींवर, दुसऱ्या ग्राहकाला नियमितपणे कमी दराने विकले आणि त्या ग्राहकाची गेल्या बारा महिन्यांतली खरेदी या खरेदीदाराच्या प्रत्यक्ष खरेदीइतकी किंवा कमी असली, तर पुढील ऑर्डरपासून खरेदीदाराला तो दर मिळेल. नमुने, जुना साठा, दुय्यम प्रतीचा माल आणि एकवेळच्या ऑर्डरी यांना हे लागू नाही.' यातला 'प्रत्यक्ष' हा शब्द सोडू नका. 'अंदाजे' खरेदीशी तुलना झाली तर 10,000 नग घेणारा माणूस 60,000 वाल्याचा दर मागत बसेल. आणि 'पुढील ऑर्डरपासून' या शब्दांनी मागच्या मालावरचा परतावा संपतो.

मसुद्यात त्यांना तुमची वह्या-बिलं तपासण्याचा हक्कही आहे. तो आहे तसा देऊ नका. तुमच्या बिलांवर त्यांच्या स्पर्धकांचे दर आणि खरेदीची संख्या असते, ती माहिती तुमची एकट्याची नाही. वर्षातून एकदा दोघांना मान्य असलेला स्वतंत्र हिशेबतपासनीस येईल, बिलं पाहील आणि त्यांना फक्त 'अट पाळली' किंवा 'पाळली नाही' एवढंच लिहून देईल, असं ठरवा.

कायदा आपल्या मदतीला येईल अशी आशा मात्र फारशी ठेवू नका. स्पर्धा कायदा साधारणपणे अशी कलमं सरसकट बेकायदा मानत नाही, बाजारावर त्यांचा परिणाम किती हे पाहतो. युरोपीय संघाच्या 2022 च्या नियमांत तर विकणारा आणि घेणारा या दोघांचाही संबंधित बाजारातला वाटा 30 टक्क्यांच्या आत असेल, तर अशा बहुतेक करारांना सूटच आहे. तुम्ही लहान आहात म्हणूनच तुमच्या कराराने बाजार हलत नाही, आणि बाजार हलत नाही म्हणून कायद्याची नजर तिकडे वळण्याचा संभव कमी. तुमच्याकडची खरी ताकद सहीच्या आधीच आहे.

आणि त्यांनी काहीच मान्य केलं नाही तर? मग दुसरी प्रेस न घेता काय करता येतं ते पाहा. तुमच्या सध्याच्या प्रेसवर 20,000 नगांची जागा रिकामी आहे. तेवढेच नग 100 दराने, कुठल्याही बंधनाशिवाय देऊ करा. 4 लाख वाढतात, नवा खर्च जवळपास नाही, आणि वर्षाअखेर 2 ऐवजी 6 लाख उरतात. मसुद्यातल्या करारात सगळं सुरळीत झालं तरी 1 लाख 80 हजारच उरणार होते. मोठ्या कंपन्यांना दुसऱ्या क्रमांकाचा पुरवठादार हवाच असतो; पहिल्याकडे संप झाला, यंत्र बंद पडलं तर कुठे जायचं ही काळजी खरेदी विभागाला कायम असते. ती जागा मागायला लाज वाटण्याचं कारण नाही. वर्षभर माल नीट गेला की प्रेसचा विचार तेव्हा करता येईल, आणि तेव्हा तुम्ही टेबलावर अनोळखी नसाल.

'स्टँडर्ड ड्राफ्ट' या शब्दांनी दबून जाऊ नका. मीही ते शब्द वापरत असे. त्याचा अर्थ एवढाच की बदल करायला त्या अधिकाऱ्याला वरच्याची किंवा विधी विभागाची परवानगी लागते. ती मागायला त्याला कारण हवं असतं, आणि 'पुरवठादार तक्रार करतो' हे कारण त्याला पुरत नाही. 'या अटीवर पुरवठादार तोट्यात जातो आणि आपला माल अडकू शकतो' हे पुरतं. म्हणून भेटायला जाताना वरचा हिशेब एका पानावर लिहून न्या. तुमचा 80 चा खर्च दाखवू नका, तो कळला तर पुढचा दर त्यावरूनच ठरेल. 18,000 नगांचं काम बंद केल्यावर दोन्ही प्रेस चालवायला किती नग लागतात एवढंच दाखवा. भेट झाली की त्याच संध्याकाळी काय बोलणं झालं ते ईमेलने लिहून कळवा. पंधरा दिवसांची मुदत त्यांनी घातलेली आहे. बदल विधी विभागाकडे गेले की ती बहुधा त्यांच्याच बाजूने वाढते. आणि तोवर प्रेसची आगाऊ रक्कम कोणाला देऊ नका.